मांजरीहून न आलेली उत्तरं

आमच्या टीममधली एक मुलगी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या घरूनच काम करायची. महिनाभर ती मीटिंगला कॅमेरा बंद ठेवत होती, मेसेजला उत्तर देत नव्हती आणि टेस्टिंगचे रिपोर्ट दोन-दोन दिवस उशिरा पाठवत होती. कारण एकदाही सांगितलं नाही. वैतागून मी सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "आपण अजून नोकरीवर आहात ना?"

तेही तिने नुसतं वाचलं. वॉर्निंगची मेल पाठवण्याआधी एकदा बोलावं, म्हणून मी दुपारी माझ्या कर्वेनगरच्या घरून तिला फोन केला.

"रागवायला नाही केला फोन," मी म्हटलं. "काही अडचण आहे का?"

ती रडू लागली. तेवढ्यात मागून पुरुषाचा आवाज आला, "पुन्हा कोणाशी बोलतेस?" थप्पड ऐकू आली, मग काहीतरी जोरात आपटलं, आणि तिची किंकाळी. फोन कट झाला.

मी ११२ला फोन लावला, एचआरकडून पत्ता घेऊन पोलिसांना दिला आणि रिक्षाने निघाले. पोहोचले तेव्हा पोलिस तिच्या नवऱ्याला जिन्यावरून खाली आणत होते. ती दारात उभी होती. ओठ फाटला होता, मनगट सुजलं होतं आणि लॅपटॉपचे तुकडे फरशीवर पसरले होते.

मला पाहून ती म्हणाली, "मॅडम, रिपोर्ट उद्या देते."

मला तिच्याकडे बघवेना. तिचं काम मी दुसऱ्यांना वाटून दिलं, रजा मंजूर करून घेतली. ती खडकीला बहिणीकडे गेली आणि दोन महिन्यांनी कामावर परतली. ग्रुपवरच्या त्या ओळीबद्दल मी तिची माफी मागितली.