फोटो शेवटी

बैठक अकराची होती. त्यामुळे अकरा वाजता पंचायत समितीच्या सभागृहात मी एकटीच होते. एकटी म्हणजे शिपाईमामा सोडून. ते स्टुलावर चढून खिडकीच्या गजाला बॅनर बांधत होते. बॅनरवर मोठ्या लाल अक्षरांत ‘शुभारंभ’ लिहिलेलं होतं आणि खाली टेबलावर चार शाली, चार नारळ, चार हार.

“मामा, हे कशाला?”

“पयली मीटिंग हाय ना ताई? मंग सत्काराबिगर कसं व्हईल?”

मी काही बोलले नाही. न बोलणं हे माझं मूळ काम आहे, समन्वयकाची नोकरी मला नंतर लागली. घरी आमची दखनी उर्दू, शाळा सगळी इंग्रजीतून. मराठी मी बरीचशी पुस्तकांतून आणि शेजारच्या काकूंच्या भांडणांतून उचलली. त्यामुळे चारचौघांत बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य जुळवते, ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. ऑफिसात याला ‘मॅडम शांत आहेत’ म्हणतात.

त्या दिवशी मात्र शांत राहून चालणार नव्हतं. दसरा झाला की आमच्या तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्याआधी आरोग्यवाले गरोदर बायकांना तपासतात, अंगणवाडीच्या ताई लहान पोरांची नोंद करतात, शाळा मुलांना हमीपत्रक देते म्हणजे कारखान्याकडच्या शाळेत त्यांना बसता यावं, आणि ग्रामसेवक मजुरांचं ओळखपत्र करतो. गेल्या वर्षी हे चौघं चार वेगवेगळ्या दिवशी त्याच दारात गेले होते. एक घरी असलं तर दुसरं शेतात. काही पोरं पत्रकाशिवायच गाडीत बसली, आणि एक बाई सातव्या महिन्यात तपासणीविना निघून गेली. यंदा आधी पाच गावांत चौघांनी एकत्र जायचं, एका दिवशी एक गाव, असं मी सुचवलं होतं. गटविकास अधिकारी साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आजच्या बैठकीत चौघांनी काम वाटून घेतलं, तर तुमच्या पद्धतीने. नाहीतर मी नेहमीसारखी चार खात्यांना चार पत्रं काढतो. तयारच आहेत.”

ती पत्रं खरंच तयार होती. त्यांच्या टेबलावर, सहीची वाट बघत.

मी घरून आखणी करून आले होते. कॉलेजात एका प्रकल्पात शिकलेली: कामाचा हेतू काय, कोण काय करणार, वागायचे नियम कोणते, आणि पहिल्या आठवड्यात कोण काय देणार. एका कामाला एकच नाव, बाकीचे मदतीला. कागदावर फार सोपं दिसत होतं.

साडेअकराला मंडळी जमली. तालुका आरोग्य अधिकारी, ज्यांना सगळे नुसतंच डॉक्टर म्हणतात. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, केसांत गजरा, हातात दोन मोबाईल. पाच गावांच्या वतीने आलेले एक ज्येष्ठ ग्रामसेवक. शिक्षण विभागाच्या साहेबांनी स्वतः न येता विस्तार अधिकारी धाडले होते. ते बसल्याबसल्या म्हणाले, “मी फक्त ऐकायला आलोय.”

मग साहेब आले आणि सत्कार सुरू झाले. साहेबांनी डॉक्टरांना शाल घातली, डॉक्टरांनी पर्यवेक्षिकेच्या हातात नारळ दिला, ग्रामसेवकांनी विस्तार अधिकाऱ्यांना हार घातला आणि विस्तार अधिकाऱ्यांनी तोच हार काढून ग्रामसेवकांना घातला. एक शाल उरली. पर्यवेक्षिकेने ती माझ्या ओढणीवरून माझ्या खांद्यावर टाकली. सप्टेंबरच्या उकाड्यात ती शाल मी बैठक संपेपर्यंत काढली नाही, कारण ती कधी काढतात हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात साहेबांना व्हीसीचा, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीचा, निरोप आला. “मी जातो. तुमचं चालू द्या. फोटो काढून ग्रुपवर टाका, म्हणजे मला कळेल झालं म्हणून.”

साहेब गेले आणि चौघंही उठले. मला वाटलं जागा बदलतायत. ते बॅनरसमोर ओळीत उभे राहिले. डॉक्टरांनी शाल नीट केली, पर्यवेक्षिकेने गजरा.

“घ्या मॅडम, पटकन,” डॉक्टर म्हणाले, “ओपीडी तशीच सोडून आलोय.”

मी मोबाईल उचलला. चौकटीत चौघंही छान हसत होते, मागे ‘शुभारंभ’. बोट बटणावर नेलं आणि तेव्हा लक्षात आलं की हे बटण दाबलं की बैठक संपली. पुढचं काहीच होणार नाही. फोटो ग्रुपवर जाईल, साहेबांना कळेल झालं म्हणून, आणि ती चार पत्रं... खरं तर तीही निघणार नाहीत. काहीच निघणार नाही.

मी मोबाईल खाली घेतला.

“काय झालं? मेमरी भरली का?” पर्यवेक्षिका.

माझं वाक्य अजून जुळलं नव्हतं, तरी बोलले. “फोटो शेवटी.”

“शेवटी म्हंजे?”

“म्हणजे... कामं वाटल्यावर. फळ्यासमोर. ज्याने त्याने आपापल्या ओळीशेजारी उभं राहायचं. काम, नाव, तारीख. मग काढते.”

विस्तार अधिकारी मोठ्याने हसले. “अहो, मॅडमनी फोटो ओलीस ठेवला की!”

“बसा बसा,” ग्रामसेवक खुर्ची ओढत म्हणाले, “फोटोबिगर साहेब ऐकत न्हाईत.”

मामांनी भिंतीचा फळा पुसला. मी खडूने चार ओळी आखल्या आणि पहिल्या ओळीत लिहिलं, ‘कोणत्या गावातून कोणती कुटुंबं जाणार, ही यादी’.

“ती अंगणवाडीनं द्यावी,” ग्रामसेवक म्हणाले.

“कावून? आमीच का?” पर्यवेक्षिका सरसावल्या. “भाऊ, माझ्या अंगणवाडीत लेकरं येतात, अख्खी टोळी येत न्हाई. ओळखपत्र तुमी करता ना?”

“करतो. पण नवे कोयते, म्हंजे तोडीच्या नव्या जोड्या कोण, ते टोळीच्या मुकादमालाच ठाऊक.”

“मग मुकादमांना विचारून यादी कोण देईल?” मी विचारलं.

“आमचं पूर्ण सहकार्य राहील,” ग्रामसेवक म्हणाले.

मी खडू हातात धरून थांबले. मला टोमणा मारता येत नाही, मी खरंच विचारलं, “मी ‘सहकार्य’ लिहू, की तुमचं नाव?”

पर्यवेक्षिका पदर तोंडाला लावून हसल्या. ग्रामसेवकांनी कपाळ पुसलं. “लिवा नाव. शुक्रवार लिवा. पण ताईंनी त्यात गरोदर बाया आणि लहान लेकरं खुणेनं दाखवायची.”

“दाखवते की. सोमवारपर्यंत. लिही गं पोरी.” मी ‘मॅडम’ची ‘पोरी’ झाले, आणि मला बरं वाटलं.

पुढे शिक्षणाची ओळ. विस्तार अधिकारी म्हणाले, “मी आमच्या साहेबांना विचारून सांगतो.”

माझ्या नियमांतला पहिलाच नियम होता, की बैठकीला येणाऱ्याला शब्द द्यायचा अधिकार हवा. तो वाचून दाखवायचं धाडस मला होईना. डॉक्टरांनीच विषय मिटवला. “आताच लावा की फोन. नाहीतर आपण सगळे इथंच जेवणार.”

विस्तार अधिकाऱ्यांनी फोन लावला, पर्यवेक्षिकेने हात पुढे करून स्पीकर दाबला. “साहेब, ती हमीपत्रकं... आपण तारीख द्यायची का?”

पलीकडून आवाज आला, “दे की बे! तुला कशाला धाडलंय मग?”

सभागृहभर हशा पिकला. विस्तार अधिकारी स्वतः सगळ्यात जास्त हसले, आणि फळ्यापर्यंत येऊन आपलं नाव त्यांनी आपल्या हाताने लिहिलं. ओळीत काम: शुक्रवारची यादी मिळाल्यापासून कामाच्या दोन दिवसांत मुख्याध्यापकांकडून पत्रकं भरून घेणं. “पण यादी लांबली तर माझी तारीख लांबणार, हेही लिहितो,” असं म्हणत त्यांनी तेही लिहिलं. ते बरोबरच होतं. ज्याचं काम दुसऱ्यावर अडतं त्याने ते आधी सांगावं, हा माझा दुसरा नियम. तो न वाचताच पाळला गेला.

डॉक्टर सकाळी गावांत यायला तयार होते, पण पर्यवेक्षिकेने मान हलवली. “सकाळी कोण घरी राहतंय डॉक्टर? सोयाबीन काढायला जातात. तुमी कुलपं तपासणार का?” शेवटी ओपीडी आटोपून दुपारी निघायचं, दिवेलागणीच्या आधी गाव गाठायचं ठरलं. रक्त तपासायचं सामान आणि एएनएम सिस्टर त्यांची, गाडीही त्यांची, आणि त्याच गाडीत बाकीच्यांना घ्यायचं. यावर डॉक्टर थोडे घुटमळले. पुढच्या सीटवर कोण बसणार, हा प्रश्न कोणी काढला नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांत होता. पर्यवेक्षिका म्हणाल्या, “पुढं मी. मला गाडी लागते.” तो मिटला.

रोज सकाळी फुलं आणि सुविचार टाकायचे नाहीत, फक्त काम आणि अडचण, असा ग्रुपचा नियम डॉक्टरांनी सुचवला. सगळ्यांनी विस्तार अधिकाऱ्यांकडे पाहिलं. “बरं, सणाला तरी?” एवढंच ते म्हणाले.

फळा भरला. मी खडू ठेवला आणि मोबाईल उचलला.

“थांब,” पर्यवेक्षिका म्हणाल्या. “तुझी ओळ कुठंय?”

“मी समन्वय...”

“समन्वय म्हंजे तारीख का नाव?” त्यांनी माझाच सूर हुबेहूब काढला. “आमी सहकार्य लिवलं न्हाई, तू समन्वय लिवायचं न्हाई.”

मी फळ्याकडे पाहिलं. सगळं ठरलं होतं, पण पहिल्या गावात कोणत्या दुपारी जायचं हे गावाला विचारायचं राहिलंच होतं. टोळीच्या मुकादमाशी बोलून दिवस पक्का करणं. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की मी आधी पाणी पिते, मग फोन ठेवून देते. पाचवी ओळ आखली. काम लिहिलं. माझं नाव लिहिलं. तारीख लिहायला गेले तर मागून ग्रामसेवकांचा आवाज आला, “आजच. नंबर माझ्याकडं हाय.”

फोटो मामांनी काढला. पाच जण, पाच ओळी, बॅनर अर्धा कापला गेला. ग्रुपवर टाकला. साहेबांचा अंगठा आला, आणि थोड्या वेळाने एक ओळ: पत्रं थांबवतो, सोमवारी यादी दाखवा.

मग मी व्हरांड्यात गेले. शाल अजून खांद्यावर. पाणी प्यायले. नंबर लावला. मुकादम बाहेर गेलेला, फोन त्याच्या बायकोने उचलला. मी मनात जुळवलेलं लांब वाक्य एका दमात म्हणून टाकलं: आरोग्य, अंगणवाडी, शाळा, ग्रामपंचायत, सगळे एकत्र, एकाच दुपारी.

पलीकडे भांडी बाजूला सारल्याचा आवाज.

“चौघं बी एकदम येणार?”

“हो.”

“खरंच? का गेल्या वर्षीवानी?”

“एकाच गाडीत,” मी म्हटलं.

“मंग मंगळवारी या. बाजार न्हाई त्या दिशी, दुपारून समद्या बाया घरी असत्यात. अन् बाई, मोठ्यानं बोल की जरा, काय चोरी केलीस का?”

मी मोठ्याने म्हणाले, “मंगळवारी.” आत सभागृहात चौघंही नारळ कोणाचा कोणता यावर वाद घालत होते, ते एकदम गप्प झाले.