पाडव्याला सही केलेला फ्रँचायझी करार

माझ्या मेहुण्यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बिबवेवाडीत संगणक शिक्षण केंद्राची फ्रँचायझी घ्यायचे ठरवले. कराराची प्रत घेऊन आम्ही वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी ती वाचून चष्मा काढला. “रॉयल्टी नफ्यावर नाही, जमलेल्या सगळ्या फीवर आहे. तोट्यातही द्यायची. तुमच्या भागात दुसऱ्या कोणाला फ्रँचायझी देणार नाहीत, पण कंपनी स्वतःचं केंद्र तुमच्यासमोर उघडू शकते. नूतनीकरण त्यांच्या मर्जीवर. मध्येच सोडलंत, तर उरलेल्या मुदतीची रॉयल्टी भरायची. अहो, सासुरवास परवडला! हे बदलल्याशिवाय सही करू नका.”

“सही पाडव्यालाच केली,” मेहुणे म्हणाले. “मुहूर्त चांगला होता. आता म्हटलं, तपासून घेऊ.”

बँकेत त्यांनी जन्मभर लोकांची कर्जाची कागदपत्रे तपासली होती.

“कंपनीची सही झाली?” वकीलबाईंनी विचारले.

“नाही. कागद मुंबईला पाठवलेत.”

“मग अजून हा नुसता तुमचा प्रस्ताव आहे. तो मागे घेतल्याचा फॅक्स आत्ताच करा. त्यांचं स्वीकृतीचं पत्र निघण्याआधी तो पोहोचला पाहिजे.”

कोपऱ्यावरच्या फॅक्सच्या दुकानात मजकूर मी लिहिला, मेहुण्यांनी सही केली. फॅक्स केल्यावर कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस वैतागून म्हणाला, “आमचं पत्र संध्याकाळच्या टपालात टाकणार होतो.”

मेहुणे फॅक्सच्या दुकानाच्या पायरीवरच बसले.