सात नंबरचा शरणु

ईश्वरप्पा भित्रा होता हे आमच्या सोसायटीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. टांग्याच्या घोड्याला तो दहा हात लांबून वळसा घाली. शहरातला गोऱ्या शिपायांचा मार्शल लॉ उठून दोन वर्षं झाली तरी शिट्टी ऐकली की हा दुकानाची फळी लावून आत बसे. त्याचं गुळाचं आणि शेंगांचं दुकान. गिऱ्हाईक म्हणे, अहो, पोरगं शीळ घालतंय. हा आतून म्हणे, असंल की, पण थांबा थोडं.

असल्या माणसाला आम्ही चेअरमन केलं. का, तर बाकी कुणाच्याही नावाला कुणीतरी आडवं येत होतं. ईश्वरप्पाला आडवं कोण येणार? तो स्वतःच आडवा आला होता, पण ते कुणी धरलं नाही.

आता आमच्या घरबांधणी सोसायटीची एक रीत सांगतो. शहराबाहेरच्या माळावर आमची अठरा घरं, मधोमध तालीम आणि तिचा बोळ. लिंगायत, धनगर, तेलुगू विणकर, दोन मुसलमान, सगळी खिचडी. पहिल्या वार्षिक सभेत कुणाला आधी नमस्कार घातला यावरून जोडे हातात आले होते. तेव्हापासून ठरलं, चेअरमनने घराच्या नंबराप्रमाणे एकेकाचं नाव घेऊन रामराम करायचा, ज्याला जे चालतं ते, शरणु, सलाम, नमस्कार. त्याने जागेवर उठून तो परत करायचा. त्यावरच सेक्रेटरी हजेरी धरी आणि कोरम भरला का ते सांगे. कायद्यात असं काही नाही म्हणा. पण सभेत ज्याचा रामराम झाला तो त्या घराचा धनी, हे आमच्याकडे पक्कं बसलेलं.

आणि त्या वर्षी सात नंबरवर घोळ होता.

सात नंबर गुरप्पाचा. तो पावसाळ्यात तापाने गेला. माघारी बायको रुद्राणी आणि एक तान्ही मुलगी. गुरप्पाने आपल्या शेअरला वारस म्हणून बायकोचं नाव लावून ठेवलं होतं, आणि पंच कमिटीने ते मंजूरही केलं होतं. पण त्याचा थोरला भाऊ सिद्धप्पा, तालमीतला गडी, मान अशी की शर्टाची गुंडी कधी लागलीच नाही. दिवस झाले तशी त्याने भावजयीला मुलीसकट बाहेर काढून दाराला आपलं कुलूप घातलं. रुद्राणी शेजारी आठ नंबरात, नरसय्या विणकराच्या मागाच्या खोलीत राहायला गेली. कमिटी काय करत होती म्हणता? ठराव करून घाबरत होती.

सभेच्या आदल्या दिवशी सिद्धप्पा ईश्वरप्पाच्या दुकानात येऊन बसला. ढिगातल्या शेंगा घेई, दोन बोटांत चिरडी, दाणा तोंडात टाकी.

"उद्या सात नंबरला माझं नाव घ्यायचं, चेअरमन," तो म्हणाला. "कुलूप माझं हाय, शरणु बी माझाच."

"कमिटीचा ठराव झालाय की."

"ठरावाला कुटं दुखतंय?" त्याने आणखी एक शेंग चिरडली. "दुखणं माणसाला येतंय. तुमी रोज तालमीच्या बोळातनंच घरी जाता न्हवं?"

सगळी टरफलं गल्ल्यावर ठेवून तो गेला. ईश्वरप्पाने ती आवरली, दुकान मिटलं आणि घरी येऊन अंगावर घोंगडी घेतली. बायको दाक्षायणी, जिभेची तिखट.

"सात नंबर गाळून सरळ आठवर जातो," तो घोंगडीतून म्हणाला.

"जावा की. मग तिला घरातनं सिद्धप्पाने काढली, सभेतनं तुमी काढली."

"तसं न्हवं गं."

"मग कसं? तिच्या लेकीला मागाखाली झोपवायचं व्हय जन्मभर?"

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळी शाळेच्या खोलीत सभा. पुरुष सतरंजीवर, बाया मागच्या ओसरीत दाराआड. सिद्धप्पा पहिल्या रांगेत, बाहेर त्याची दोन पोरं काठ्या टेकून. नोटीस आली म्हणून आलेले आम्ही सगळे एकमेकांच्या मागे बसायला बघत होतो.

ईश्वरप्पा उभा राहिला. टेबल धरलं होतं, म्हणून टेबलही थरथरत होतं.

"सभासद मंडळी," तो म्हणाला, "आपण शेजारी हाओत. एकाची चूल पेटली तर धूर दुसऱ्याच्या घरात जातोय. तवा आज कुणी आवाज चढवू नये, मला लई भ्या वाटतं." खोलीत थोडं हसू फुटलं. "ज्याला बोलायचंय त्याला पाळी मिळंल. ज्याचं ऐकायचंय ते पुरं ऐकू. आता नंबराप्रमाणं."

"एक नंबर, ज्ञानबा, रामराम." ज्ञानबा उठला, रामराम म्हणाला, बसला. दोन, तीन, चार. तीनच्या चाँदसाहेबांना सलाम. सहाच्या बिरप्पाचा रामराम झाला. सिद्धप्पा अर्धा उठलाच होता.

"सात नंबर," ईश्वरप्पाचा आवाज बारीक झाला. "रुद्राणीबाई, शरणु."

"शरणु," सिद्धप्पा गरजला.

सेक्रेटरीची लेखणी वर थांबली. ईश्वरप्पाने दाराकडे बघितलं. आता हा पळणार, असं मी मनात म्हटलं.

"मी रुद्राणीबाईंना म्हटलं," तो म्हणाला. "त्यांनी म्हटल्याशिवाय आठ नंबरला मला जाता येत न्हाय."

"आणि न्हाई म्हटलं तर?"

"तर मी हितंच उभा."

धैर्य म्हणाल तर ते नव्हतं. सात सोडून आठवर कसं जायचं हे त्याला सुचतच नव्हतं. पण उभा राहिला. आम्हीही बसलो. पुढे दहा-अकरा जणांचा रामराम अडकला होता, आणि आपला रामराम अडकला की माणूस कसा वळवळतो ते बघण्यासारखं होतं. सिद्धप्पाकडे पाठीमागून एक-एक नजर जायला लागली. तो वळून बघे, नजर खाली जाई, दुसरी वर येई.

"सिद्धप्पा, बस की बाबा," चाँदसाहेब म्हणाले. "हमारा भी टाईम जा रहा है."

दाराआड कुजबुज झाली. नरसय्याची बायको तेलुगूत काहीतरी तोडून बोलली. मग मुलगी रडल्याचा आवाज, आणि त्यावरून एक दबका, फाटका आवाज आला, "शरणु, अण्णा."

"आठ नंबर, नरसय्या, नमस्कारम," ईश्वरप्पा एका दमात म्हणाला.

सिद्धप्पा उठून बाहेर गेला. मागचा अहवाल, जमाखर्च, निवडणूक, सगळं झालं, कुणी ऐकलं असेल तर देव जाणे. सगळ्यांचे कान काठ्यांकडे.

सभा उठताच आम्ही लोहार घेऊन सात नंबरवर गेलो. चेअरमन पुढे, म्हणजे आम्ही ढकलून पुढे. दारात कुणी नव्हतं. ते चेअरमनला जास्तच भ्यायला लावत होतं. लोहाराने तीन घाव घातले, कुलूप पडलं, रुद्राणी मुलीला घेऊन आत गेली. आम्ही पांगलो. आमचीही पाय उचलण्याची घाई होती.

ईश्वरप्पा मात्र तिच्या पायरीवर बसून राहिला. ऊन उतरलं तरी बसलेला. दिवेलागणीला सिद्धप्पा तालमीच्या बोळाच्या तोंडाशी आला, पायरीवर चेअरमन बघून थबकला, बराच वेळ बघत राहिला आणि आल्या वाटेने निघून गेला. पुन्हा त्या दाराला तो कधी आला नाही.

रुद्राणी अजून सांगते, अण्णा माझ्या दारात राखणीला बसले होते. दाक्षायणीही मान ताठ करून ते ऐकते. मी एकदा ईश्वरप्पाला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग.

"बसलो कुटला," तो म्हणाला. "घरी जायला तालमीचाच बोळ. त्यात त्याला समोरनं बघितलं आणि पायच उचलंनात." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "हे सांगू नका हां तिला. ती दार उघडं टाकून झोपती आता."