आकार, रूप आणि दिक्कत

सुलतानपूरच्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी त्या वर्षी काम सोडणार होत्या. वीस-बावीस वर्षं त्यांनी मुलांना जेवू घातलं होतं. निरोपाला शाल-श्रीफळ तर सगळेच देतात. मला वेगळं काही करायचं होतं. म्हणून मी जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले: मावशींसाठी मोबाईलवर अर्धं मिनिट बोला आणि पाठवा. कोणी पुण्याहून, कोणी सैन्यातून, कोणी डोणगावच्या सासरहून पाठवलं. बावीस जणांचे तुकडे आले.

आता ते जोडायचे होते. माझ्या मोबाईलमध्ये जागाच उरली नव्हती. शेजारच्या आपांकडे त्यांच्या लेकीने आखातातून पाठवलेला मोठा टॅब होता. आपा साठीच्या, घरी लहान मुलींना कुराण वाचायला शिकवायच्या. "घ्या ना बाई, मी तं त्याच्यावर फक्त नातीचं तोंड पाह्यते," म्हणाल्या.

टॅबमध्ये व्हिडिओ जोडायचं एक ॲप आधीपासून होतं, पण सगळं अरबीत. टॅबची भाषा आम्ही इंग्रजी करून घेतली होती, तरी हे एकटं ॲप आपल्या लिपीत हटून बसलं होतं. मला त्याची भीती वाटली नाही. कात्रीचं चित्र म्हणजे कापणे, सुराचं चित्र म्हणजे गाणं, कचरापेटी म्हणजे काढून टाकणे. तीन दिवस आपांच्या ओसरीवर बसून मी अकरा मिनिटांचा व्हिडिओ तयार केला. आपा शेजारी बसून तूर निवडायच्या आणि मधूनच "हा पोरगा मोठा झाला हो!" म्हणायच्या.

कार्यक्रम शनिवारी सकाळी होता. शुक्रवारी शाळा सुटल्यावर फक्त व्हिडिओ बाहेर काढायचा, पेनड्राइव्हमध्ये टाकायचा आणि शाळेच्या टीव्हीवर लावून बघायचा, एवढंच राहिलं होतं. वरच्या कोपऱ्यातला बाण दाबला. पडदा उघडला आणि त्यावर एकही चित्र नव्हतं. नुसत्या ओळी, दोन सरकत्या पट्ट्या आणि खाली एक निळं बटण. पट्टीखालचे आकडेसुद्धा आपले नव्हते: काठी, टिंब, उलटा बाण.

पहिल्या पट्टीवरचा ठिपका मधोमध होता. जास्तीत जास्त चांगलं हवं म्हणून मी तो पार उजवीकडे ओढला आणि निळं बटण दाबलं. काम इतक्या लवकर संपलं की मी खूशच झाले. धावत शाळेत गेले, पेनड्राइव्ह लावला. टीव्हीवर बावीस चेहरे दिसले, पण भिंतीएवढ्या पडद्यावर सगळे पुसट. फौजी मुलाची मिशी आहे की सावली, तेही कळेना.

परत आले. मग ठिपका पार डावीकडे ओढला, दुसऱ्या पट्टीवरचाही तसाच. या वेळी अर्धा तास लागला, टॅब तव्यासारखा तापला. पुन्हा शाळेत. टीव्हीने व्हिडिओ दाखवलाच नाही. इंग्रजीत एक ओळ आली, ही फाइल चालणार नाही म्हणून.

मी हिरमुसून ओसरीवर बसले. आपांनी सूप बाजूला ठेवलं. "काय झालं बाई?"

"आपा, हे तुम्हाला वाचता येतं ना?"

"वाचता येते. पन अरबी हाय, सारं समजत नाही. उर्दूत जेवढं असन तेवढं सांगते." त्यांनी चष्मा लावला, टॅब मांडीवर घेतला आणि धडा वाचावा तसं बोट ठेवून वाचू लागल्या. पहिल्या पट्टीच्या वर लिहिलेला शब्द त्यांनी मोठ्याने वाचला, "दिक्का. म्हंजे आपलं दिक्कत!"

"तेच तर! दिक्कतच आहे!" आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून त्यांची सून बाहेर डोकावली.

"दिक्कतचा दुसरा अर्थ बारीकी," आपा डोळे पुसत म्हणाल्या. "बारीक काम असते ना, ते." मग त्यांनी आकडे वाचले. "हे पहा, इकडे उजव्या बाजूले चारशे ऐंशी. मंग सातशे वीस, मंग एक हजार ऐंशी. हे शेवटी डावीकडे दोन हजार एकशे साठ."

"म्हणजे उजवीकडे कमी?"

"असंच असन ना बाई! आमची लिखावट उजवीकून सुरू होते. पट्टीबी तिकूनच सुरू होईन."

मी कपाळावर हात मारला. चांगलं हवं म्हणून मी सगळ्यात कमी निवडलं होतं आणि नंतर एकदम टोकाला गेले होते.

त्यांना आता रंग चढला. खाली बोट सरकवत म्हणाल्या, "हज्म. म्हंजे आकार, केवढं मोठं होईन ते." ठिपका हलवला की तिथला आकडा बदलायचा. उजव्या टोकाला दीडशे एमबी, डाव्या टोकाला तीन हजारांवर, एक हजार ऐंशीवर सातशेच्या आसपास; ठिपका आम्ही तिथेच ठेवला. दुसऱ्या पट्टीचं नाव आपांना कळलं नाही. पण त्यांनी आकडे वाचले तसे, चोवीस, पंचवीस, तीस, पन्नास, साठ, ते सेकंदाला किती चित्रं असणार, हे माझ्या लक्षात आलं. बहुतेक तुकडे तीसचेच होते. साठ करून त्यांत नवं काय येणार होतं? आम्ही तीसवर ठेवला.

"आता हे एक राह्यलं. सीगा."

"म्हणजे?"

"ग्रामरमधलं हाय. आला, आली, आले, असं शब्दाचं जे रूप बदलते ना, ते."

रूप! मी शिक्षिका आहे, मला आणखी काही सांगावं लागलं नाही. व्हिडिओ तोच, रूप वेगळं. मी ती ओळ दाबली, तर आतून चक्क इंग्रजी अक्षरं निघाली: एमपीफोर आणि एमओव्ही. खूण दुसऱ्यापुढे होती. पहिला पुसट व्हिडिओ तर चालला होता, म्हणजे पट्ट्या टोकाला नेल्या तेव्हा ॲपनेच ती तिकडे सरकवली असावी. शाळेच्या टीव्हीवर आजवर जे जे चाललं, ते सगळं एमपीफोर होतं. मी खूण हलवली.

"सगळा काढू नका, बाई. पहिले थोडासा काढून पाहा," आपा म्हणाल्या. मलाही पटलं. पंधरा सेकंदांचा एक तुकडा त्याच मापाने काढला, आणि या वेळी आपाही पायात चप्पल घालून शाळेत आल्या. पडद्यावर फौजी मुलगा आला. मिशीच होती, पीळ भरलेली. आपांनी टाळी वाजवली. मग पूर्ण व्हिडिओ काढला, लावून पाहिला आणि दिवेलागणीच्या आत घरी आलो.

शनिवारी मावशी पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, अवघडून बसल्या होत्या. मी आपांना त्यांच्या शेजारी बसवलं. व्हिडिओ सुरू झाला. पहिल्याच चेहऱ्यावर मावशी उठून उभ्या राहिल्या. "हा मटकी काढून ठेवे! एकेक दाना वेचे बाजूले!" दुसरी आली, "ही दोनदा मांगे आनि मैत्रिनीले दे." पोरं मोठी झाली होती: दाढ्या, कुंकवं, गणवेश, चष्मे. मावशी नावं विसरल्या असतील, पण कोण काय खायचं ते एकाचंही चुकलं नाही. दुसरबीडला दुकान टाकलेल्या मुलाच्या हनुवटीवर एक बारीक वण होता. तो बघून त्या ओरडल्या, "माह्या चुलीपाशी पडला होता हा!" पोरं खिदळत होती, मुख्याध्यापक रुमाल शोधत होते.

अकरा मिनिटं संपली तेव्हा मावशी सरळ टीव्हीपाशी गेल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, पुन्हा लावा ना. त्या मटकीवाल्याले मले अजून काही बोलायचं हाय."

आम्ही तो तीनदा लावला. तिसऱ्यांदा लावताना रिमोट आपांच्या हातात होता.