मामाचा आहेर आणि दहा टक्के सूट

कळमनुरीच्या स्टँडजवळ स्वप्निलचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, असला सगळा मजकूर या गड्याच्या डोक्यातून निघतो आणि चौकाचौकात वाऱ्यावर फडफडतो. यमक जुळवण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं त्याचं म्हणणं. कोणी विचारलं नाही तरी तो हे सांगतो. बरं, ते अगदीच खोटंही नाही. कोणाचा फोटो मोठा, कोणाचा लहान, मामाचं नाव आधी की आत्याचं, यावरून भर मांडवात रुसवेफुगवे होतात, हे त्याला पाठ आहे. त्याच्या दुकानातून चूक असलेला फ्लेक्स बाहेर पडत नाही.

पुण्यातल्या एका ऑनलाइन खरेदीच्या कंपनीतल्या मिना मॅडमना त्याचा एक फ्लेक्स कोणाच्या तरी मोबाइलवर दिसला आणि त्यांनी त्याला गाठलं. मराठवाड्यातल्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरातीचे शब्द लिहाल का, म्हणाल्या. लिहाल का? स्वप्निल तर लिहायला टपलेलाच होता. त्याने लिहायचं आणि बायकोने, साधनाने, घरच्या कॉम्प्युटरवर ते टाइप करून पाठवायचं, असं ठरलं. साधना मराठी घेऊन बी.ए. झालेली. टाइप करता करता ती एखादा शब्द बदलायची, आणि मिना मॅडमना नेमका तोच आवडायचा. "हे छान जमलंय हं स्वप्निल," असं त्या म्हणायच्या तेव्हा तो मान डोलवून कौतुक घ्यायचा, पण घास घशात अडकल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

या वर्षी दिवाळी झाली आणि पुण्याहून नवं काम आलं. परदेशात नोव्हेंबर संपता संपता एका शुक्रवारी मोठा सेल लागतो, त्याला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. कंपनीला तोच सेल आपल्याकडे आणायचा होता, पण आपल्या लोकांना रुचेल अशा शब्दांत. मिना मॅडम जाता जाता हेही बोलून गेल्या की, ज्याचे शब्द चालतील त्याला वर्षभर मराठीचं सगळं काम मिळेल आणि कंपनीच्या बैठकीतही बसायला मिळेल. स्वप्निलने त्याच क्षणी मनातल्या मनात नवा सदरा शिवायला टाकला.

त्याने लिहिलं, 'काळा शुक्रवार, भाव गपगार!' मागे काळाकुट्ट रंग, वर पिवळी अक्षरं. व्हिडिओ कॉलवर त्याने ते ऐटीत दाखवलं. मिना मॅडम काही बोलणार, तेवढ्यात चहाचे कप ठेवायला आलेल्या साधनाने पडद्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"अहो, शुक्रवार देवीचा. त्यात मार्गशीर्ष लागलेला. आदल्या दिवशी बायांनी गुरुवारचा घट मांडलेला असंल, अन् दुसऱ्या दिवशी तुमी त्यायच्या तोंडापुढं काळं काहून नाचवून राहिले?"

"मग तुमच्या मते काय हवं?" मिना मॅडमनी विचारलं. हा प्रश्न साधनाला होता. स्वप्निलच्या कपाळावरची शीर ताठली.

साधना पदराला हात पुसत म्हणाली, "दिवाळीत लोकायचे खिसे रिकामे झालेत, मॅडम. उगाच स्वस्त हाय म्हणून आमच्याकडं कोणी पुन्हा हात सैल सोडणार न्हाई. पण तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू. आहेर तर घ्यावाच लागतो. त्याला कारण शोधावं लागत न्हाई."

"लगीनसराई सेल," मिना मॅडम सावकाश म्हणाल्या. "साधनाताई, या वेळचं तुम्हीच लिहा."

झालं! त्या दिवशी स्वप्निलला जेवण गोड लागलं नाही. बायकोचा त्याला अभिमान वाटायला हवा होता, हे त्यालाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पोटातलं जळणं वेगळं. शेजारी म्हणाले, "वहिनीनं तर तुमाला मागं टाकलं की!" तो हसला आणि आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर खेकसला. आपल्याच घरात, आपल्याच कॉम्प्युटरवर, आपण आणलेल्या कामात आपण पाहुणे झालो, हा विचार त्याच्या डोक्यातून हलेना. मिना मॅडमचा फोन आला की तो कान टवकारायचा, आणि "साधनाताई आहेत का?" हे ऐकलं की टवकारलेले कान पाडून फोन पुढे करायचा.

मिना मॅडमनी साधनाला पैसे भरण्याच्या सवलती समजावून सांगितल्या. ठरलेल्या बँकेच्या कार्डाने पैसे भरले की तिथल्या तिथे दहा टक्के सूट. पण अख्ख्या सेलमध्ये एका कार्डाला ती एकदाच मिळणार. मोबाइलवरून यूपीआयने भरले तर थोडे पैसे नंतर परत. आणि माल दारात आल्यावर रोख देणाऱ्याला सूट नाहीच, उलट वर थोडा आकार. साधनाने हे सगळं साध्या मराठीत उतरवलं. अटी म्हणून खाली बारीक अक्षरात जे जायचं तेही नीट लिहिलं. आणि वर मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिली, जी वाचून मिना मॅडमनी फोनवरच टाळ्या वाजवल्या.

'आज मामाचा आहेर, उद्या आत्याचा. कार्डावर सूट दहा टक्क्यांची!'

"बघा बरं, काही राहिलं का," असं म्हणत साधनाने पडदा स्वप्निलकडे फिरवला. तिचा चेहरा फुललेला होता.

स्वप्निलने वाचलं. एकदा वाचलं आणि त्याला सगळं लख्ख दिसलं. आपल्याकडे आहेर कधी एकदम घेतात का? मान मामाचा, म्हणून आधी मामाचा टॉवेल-टोपी घेणार. मग रुसवे काढत, एकमेकांना विचारत आत्याचं, मावशीचं, आणि सगळ्यांत शेवटी भारी साड्या. ही ओळ लोकांना तेच करा म्हणते. म्हणजे कार्डाची एकुलती एक सूट टॉवेल-टोपीवर उडणार आणि साड्यांच्या वेळी हातात काही नाही. खालच्या अटी बरोबर आहेत, पण खालच्या अटी वाचतो कोण? आणि या ओळीच्या जागी काय हवं, तेही त्याच्या डोक्यात त्याच क्षणी तयार झालं. असल्या बाबतीत गड्याचं डोकं खरोखर चालतं.

तोंड उघडून सांगायचं, एवढंच बाकी होतं. साधना वाट पाहत उभी होती.

"चांगलं हाय," स्वप्निल म्हणाला. "एकदम बराबर."

असा हा माणूस. शत्रूच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही चूक राहू न देणारा, आणि बायकोच्या ओळीत दिसलेला खड्डा पाहून गप्प बसला. पडू दे एकदा, मग कळेल, हे काही खायचं काम नाही. त्या दिवसापासून त्याची भूकही परत आली.

शुक्रवारी सेल लागला. सकाळीच साखऱ्याहून, माहेराहून, साधनाच्या थोरल्या भावाचा, रामकिशनचा फोन आला. त्याच्या लेकीचं लग्न जवळ आलं होतं. बहिणीची ओळ मोबाइलवर झळकली म्हणून त्याने भावकीत सगळ्यांना दाखवली होती. "साधना, तुझ्या म्हणण्यापरमाणं आज मामाचं घेतलं बरं! उद्या आत्याचं अन् समद्या बायायच्या साड्या." साधना लाजून हसली. स्वप्निल बूट घालता घालता थांबला. आता तरी सांगावं, असं त्याला वाटलं. वाटलं आणि त्याने बुटाची नाडी बांधली.

शनिवारी दुपारी रामकिशनचा पुन्हा फोन आला. आवाज उतरलेला. साड्या निवडून झाल्या, कार्ड टाकलं, तर सूट लागेना. कार्डाची सूट कालच वापरली, असं दाखवतंय. रोखीनं मागवावं तर त्यावर सूटच नाही. "सोयऱ्यापुढं हसं झालं साधना. मीच समद्यायला सांगितलं व्हतं, बहिणीनं लिवलंय म्हून. त्यायनी बी टॉवेल-टोप्याच घेतल्या आधी."

साधनाने फोन ठेवला, आणि तो पुन्हा वाजला. पलीकडे मिना मॅडम. परभणी, हिंगोली, नांदेड, सगळीकडून हीच तक्रार येत होती. लोकांना फसवल्यासारखं वाटतंय, ओळ आत्ताच्या आत्ता बदलायला हवी, सेल सोमवारपर्यंत आहे. साधनाने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली, पण तिला दुसरी काही सुचेना. मिना मॅडम थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "स्वप्निल आहेत का तिथे?"

गेले कितीतरी दिवस ज्या वाक्यासाठी गड्याने कान टवकारले होते, ते हे वाक्य. त्याने फोन घेतला आणि श्वासही न घेता म्हणाला, "लिहून घ्या, मॅडम. 'अख्ख्या भावकीचा आहेर एकाच खेपेत घ्या. कार्डाची सूट एकदाच, ती मोठ्या खरेदीवर लावा.' 'एकदाच' हा शब्द मोठ्या अक्षरात टाका. अन् ज्यायनी टॉवेल-टोपीवर सूट घालवली त्यायला घरातल्या दुसऱ्याच्या कार्डावर ती मिळते, हे आजच मेसेजनं कळवा."

"अरे वा! इतक्या लवकर सुचलं?" मिना मॅडम खूश झाल्या. "पुढचं काम आता तुमच्याकडेच ठेवते."

स्वप्निलने फोन बंद केला आणि वळला. साधना त्याच्याकडेच पाहत होती. रडत नव्हती. टाइप झालेली ओळ शेवटची तपासताना पाहायची, तशी सावकाश पाहत होती.

"एवढ्या लवकर सुचत न्हाई तुमाला," ती म्हणाली. "साध्या वाढदिवसाच्या दोन ओळीला तुमी दोन दिवस घेता. हे आधीचंच हाय."

स्वप्निलने हातातला मोबाइल टेबलावर ठेवला.

"मी इचारलं तवाच दिसलं व्हतं न्हाई?"

"व्हय," तो म्हणाला. खोटं बोलायला त्याला आता काही सुचलं नाही.

"मला तोंडघशी पाडायचं व्हतं तर पाडायचं व्हतं. पण काल सकाळी दादा बोलला, तवा तुमी हितंच बूट घालत व्हते. त्याला तरी सांगायचं." तिने मोबाइल उचलला आणि भावाला फोन लावला. स्वप्निल तिला थांबवायला एक पाऊल पुढे आला. आता ही सगळं सांगणार आणि साखऱ्यात आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"दादा, चूक माझीच झाली," साधना म्हणाली. "घरात कोणाला दाखवलं न्हाई मी. वहिनीच्या नावाचं बी त्याच बँकेचं कार्ड हाय ना? साड्या त्याच्यावर घे, सूट लागंल. समद्यायला बी सांग तसं."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मग मिना मॅडमना लावला. पुढच्या, संक्रांतीच्या सेलचं काम आपल्याला वेगळं द्यावं, आपल्या वेगळ्या मेलवर थेट पाठवावं, असं तिने स्वच्छ सांगितलं. मिना मॅडमना आधी कळेचना. चालेल, म्हणाल्या, पण लिहिलेलं कोणीतरी दुसऱ्याने पाहायला हवं. आज काय झालं ते बघितलंत ना? घरातच तपासणारा माणूस आहे की तुमच्या.

"घरात न्हाई कोणी," साधना म्हणाली. "तुमच्याकडचंच एखादं माणूस द्या."

स्वप्निल समोरच उभा होता.