पन्नास कार्डांत नसलेला शब्द

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणी उघडलीच तर चुकांबद्दल माफ करावं. हे मला तोंडाने कुणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. मी बुजरी आहे. रिक्षावाल्याने सुटे पैसे कमी दिले तरी मी काही न बोलता उतरते.

आजारी, म्हाताऱ्या माणसांकडे दिवसभर राहायचं, हे माझं काम. ते एका ब्युरोकडून मिळतं. ब्युरोच्या मॅडमनी मला पाथर्डी फाट्याजवळच्या एका फ्लॅटवर पाठवलं. तिथे एक तमिळ आजी होत्या. त्यांना सगळे अम्मा म्हणत. लकवा झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली, आणि नाशकात इतकी वर्षं राहून शिकलेलं मराठीही गेलं. राहिली फक्त तमिळ. घरात त्यांचा मुलगा एकटाच. तो सकाळी सिन्नरच्या कारखान्यात जायचा तो संध्याकाळी सातला यायचा.

मॅडमनी मला एक डबी दिली. आत पन्नास छापील कार्डं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेच तमिळमध्ये, पण आपल्या अक्षरांत, आणि खाली ते वापरून केलेलं एक वाक्य.

"पन्नासच्या पन्नास रोज वाचायची. महिन्यात फाडफाड बोलशील," मॅडम म्हणाल्या. पहिल्या पगारातून त्यांनी डबीचे नऊशे रुपये कापले. मी "हो मॅडम" म्हटलं.

रोज पन्नास वाचून माझ्या डोक्यात काहीच राहीना. माझी मुलगी कॉलेजला जाते. तिने चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे केले. पहिला कप्पा रोजचा, दुसरा तीन दिवसांनी एकदा, तिसरा आठवड्याने एकदा. आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जाणार, चुकलं की परत पहिल्यात.

"येतंय ते रोज कशाला वाचतेस? विसरायला आलं की मग विचारायचं, तेव्हा पक्कं बसतं," ती म्हणाली. "आणि आई, मनात नको. आधी मोठ्याने बोल, मग उलट."

"शेजारी ऐकतील ना."

"ऐकू दे. त्यांनाही फुकटात तमिळ येईल."

मी गॅस मोठा करून, कुकरच्या आवाजात बोलायचे. पण मुलीची पद्धत खरी होती. तीन आठवड्यांत बरीच कार्डं पुढे सरकली. सगळ्यात आधी तिसऱ्या कप्प्यात गेलेलं कार्ड होतं 'शांत राहा'. तमिळमध्ये 'अमैदियाग इरुंगळ'. खालचं वाक्य होतं, शांत राहा, मी चादर बदलत आहे. ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. मला त्याचा अभिमान होता. आज ते लिहितानासुद्धा माझी मला किळस येते.

कारण चौथ्या आठवड्यात अम्मांना कुशीवर घेतलं की त्या ओरडायला लागल्या. एकच शब्द. वलिक्कुदु. आणि मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून माझं पाठ झालेलं वाक्य म्हणायचे. अमैदियाग इरुंगळ. त्या माझ्याकडे बघत राहायच्या, मग तोंड भिंतीकडे करायच्या. मला वाटायचं, माझं बोलणं त्यांना कळलं, म्हणून त्या शांत झाल्या.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी वास आला. घाणीचा वास मला नवा नाही, मी रोज काढते ती. हा सडल्याचा होता. मी त्यांना पूर्ण पालथं घेतलं. माकडहाडावर रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या, आत पिवळं. पाठ पुसताना मी तिथे घाईने फडकं फिरवत होते, कारण तिथे हात लागला की त्या जास्त ओरडायच्या.

संध्याकाळी मुलगा आला. तो खोलीत कधी यायचा नाही, दारातूनच विचारायचा. त्या दिवशी नाकाला रुमाल लावून उभा राहिला.

मी खाली बघून विचारलं, "दादा, वलिक्कुदु म्हणजे काय?"

"दुखतंय," तो म्हणाला. "का?"

"रोज म्हणतात त्या."

"हो, मी आल्यावरही म्हणते ना. मला वाटलं, नेहमीचंच."

मी मोरीत जाऊन उलटी केली. जखमेमुळे नाही. त्या रुमालामुळे, आणि माझ्यामुळे.

त्याने डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत मी पिशवीतली डबी काढून पन्नासही कार्डं जमिनीवर मांडली. हात वर करा. तोंड उघडा. हलू नका. पलंग ओला करू नका. गोळी थुंकू नका. सगळी आपण त्यांना सांगायची. त्यांनी आपल्याला सांगायचं एकही नाही. 'दुखतंय' नाही, 'तहान लागली' नाही, 'पुरे' नाही. कुणीतरी फोनवर भराभर भाषांतर करून छापलं होतं, आणि म्हातारं माणूस काही बोलेल असं त्याला वाटलंच नव्हतं. मला तरी कुठे वाटलं होतं? मी मराठी बघून तमिळ बोलायला शिकले. तमिळ ऐकून समजायला शिकलेच नाही.

डॉक्टरांनी जखम साफ केली आणि दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं. ते गेल्यावर मी मुलाला म्हटलं, "दादा, इथे आत बसा. अम्मा काय म्हणतात ते मला सांगा. मी लिहून घेते." एवढं लांब मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. तो रुमाल खिशात घालून पलंगाशी बसला. माझ्या जुन्या कार्डांवर नजर टाकून म्हणाला, "असं घरात कोणी बोलत नाही हो. हे बातम्यांतलं तमिळ आहे."

औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी नवी कार्डं केली. या वेळी पुढे अम्मांचे शब्द, मागे मराठी. एका कार्डावर एकच. खालचं वाक्यही त्यांच्याच तोंडचं. मुदुगु वलिक्कुदु, पाठ दुखतेय. तण्णी वेणुम, पाणी हवंय. पोदुम, पुरे. मुलाने ते शब्द माझ्या फोनमध्ये बोलून ठेवले. मी आधी ऐकायचे, अर्थ मोठ्याने सांगायचे, मग कार्ड उलटायचे. चुकलं की पहिला कप्पा. 'वलिक्कुदु' मी कधीच पुढे सरकवलं नाही. ते मला येत होतं. तरी रोज काढायचे.

जखम भरायला अडीच महिने लागले. एकदा मी भात भरवत होते तर अम्मा म्हणाल्या, "पोदुम." मी चमचा खाली ठेवला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग पुन्हा म्हणाल्या, जणू तपासून बघत होत्या. मी रिकामे हात दाखवले. तेव्हा त्या डाव्या गालाने हसल्या.

मग कळलं की मॅडमनी तसलीच डबी दुसऱ्या एका बाईलाही विकली. मी एक मराठी कार्ड केलं. पुढे, 'मॅडम म्हणतील, काय काम काढलंस?' मागे, 'मॅडम, ही कार्डं चुकीची आहेत. यामुळे माणूस सडतं. माझे नऊशे परत द्या आणि ही विकू नका.' मुलगी मॅडम व्हायची, खुर्चीत पाय हलवत. "काय गं मावशी, पगार कमी पडतो का तुला?" मला हसू यायचं, कार्ड पहिल्या कप्प्यात. मग रडू यायचं, पुन्हा पहिल्या कप्प्यात. तिसऱ्या कप्प्यात जायला त्याला महिना लागला.

ब्युरोत ते वाक्य बरोबर आलं. एकदा नाही, दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा मॅडम फोनमध्ये बघत होत्या.

"तुला बोलता येतं?" त्या म्हणाल्या.

मी डबी टेबलावर ठेवली आणि जखम कुठे झाली, केवढी झाली, वास कसा होता ते सांगितलं. समोर नाश्त्याची बशी होती. त्यांनी ती बाजूला सरकवली आणि सहाशे काढून दिले. "बाकीचे पुढच्या महिन्यात. आणि त्या डब्या नाही देत आता कुणाला, बस?"

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी पुन्हा गेले. काही न बोलता समोर उभी राहिले. त्यांनी ड्रॉवर उघडून शंभराच्या तीन नोटा दिल्या. नऊशे पूर्ण झाले.