पत्र सत्तेचाळीस, मागची बाजू

छापखान्यात अक्काच्या टेबलावर धाकट्या बहिणीच्या पुस्तकाची पानं तपासायला येऊन पडली तेव्हा तिने आधी आभाराचं पान काढलं. मार्गदर्शक होते, त्यांच्या सौभाग्यवती होत्या, चहा देणारा शिपाईसुद्धा होता. अक्का नव्हती.

"शिपायाचं नशीब बघा," ती शेजारी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला म्हणाली आणि लाल पेन्सिलीला टोक काढायला लागली.

अक्का सातवीत शाळा सोडून छापखान्यात लागली, म्हणून धाकटीला कॉलेज दिसलं. तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं तपासून ती शिकली. आई जिथे राबली त्या इस्पितळाच्या लाँड्रीतल्या बायकांचा पन्नास वर्षांपूर्वीचा अर्ज अभिलेखागारातून तिनेच हुडकून काढला होता. गरम पाण्याने सोलपटलेल्या हातांना मोजे द्या, एवढीच त्यात मागणी, आणि खाली अठरा अंगठे, शेजारी कारकुनाने लिहिलेली नावं. त्याच अर्जावर आता धाकटीचं पुस्तक उभं होतं.

पुस्तकामागच्या संदर्भसूचीत एकशे एक्केचाळीस छापील पुस्तकं, आणि त्यांच्या गर्दीत, 'अ'च्या रांगेत, तो अर्ज: 'अर्ज, हस्तलिखित, अभिलेखागार.' संपलं. अभिलेखागारात कागदांच्या साडेचार हजार पेट्या! पुस्तक कुठल्याही वाचनालयात सापडतं. असला कागद जगात एकच असतो, त्याचा पूर्ण पत्ता नको?

संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"अक्के, तो फोल्डर नंबर काय होता गं? उद्या छपाईला जायचंय."

"तुझ्या मार्गदर्शकांना विचार की. आभार त्यांचे मानलेस ना?"

"लहान मुलासारखी रुसू नकोस."

"रुसत नाही, नियम सांगते. मूळ कागद तू पाहिलास?"

"कागद तोच ना?"

"म्हणजे माझी झेरॉक्स पाहिलीस. मग सूचीत तसंच लिही: छायाप्रत, अक्काच्या ड्रॉवरमधली. नाहीतर उद्या सकाळी जाऊन मूळ बघून ये. न बघितलेल्या कागदाचा पत्ता मी छापू देणार नाही."

फोन ठेवताना अक्का मनातून खूश होती. मॅडम काही धुळीत बसायच्या नाहीत. झक मारत माझं नाव घालतील.

पण धाकटी गेली. नंबर नव्हता, म्हणून अभिलेखपालाकडून याद्या मागवून दोन तास तिने स्वतः शोधलं. दुपारी ती छापखान्यात आली, बाह्यांना धूळ, डोळे लाल.

"फोल्डरच्या आत वाचकांचा तक्ता चिकटवलेला असतो, त्यावर फक्त तुझी सही होती," ती म्हणाली. "आता खाली माझी आहे."

ही सुई अक्काला बरोबर टोचली. तो तक्ता अकरा वर्षं तिचा एकटीचा होता.

"मग? दिसले अठरा अंगठे?"

"तेवीस."

"डोकं फिरलंय तुझं. मी मोजलेत."

"पुढच्या बाजूचे मोजलेस. मागे आणखी पाच आहेत. शेवटचा आपल्या आईचा. शेजारी कारकुनाने नाव लिहिलंय."

अक्काने ड्रॉवरमधून आपली झेरॉक्स काढली. कोपऱ्यात तिच्याच अक्षरात होतं: पत्र ४७, पुढची बाजू. जुने कागद असेच मोजतात, एक कागद म्हणजे एक पत्र आणि त्याच्या दोन बाजू. नियम तोंडपाठ. पण त्या दिवशी वाचनकक्ष बंद होत आला होता, अंगठे खालच्या कडेपर्यंत भरलेले होते, तिला वाटलं इथेच संपलं. कागद उलटलाच नाही. आणि अकरा वर्षं, सगळ्या बायकांनी अंगठा केला, आपली आई तेवढी घाबरली, असं म्हणत तिने आईवर राग धरला होता.

आणि आई सापडली कुणाला? हिला! अक्काला आईपेक्षा हेच आधी झोंबलं, आणि झोंबलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

"आभारात तुझं नाव घालते," धाकटी हळूच म्हणाली.

"आता भीक नको."

"भीक कसली? नियमच आहे ना, अर्ज पहिल्यांदा कुणी शोधला ते लिहायचं."

अक्काने सूची पुढे ओढली. तिने तो अर्ज 'अ'च्या रांगेतून लाल रेघेने उपटला, छापील पुस्तकांच्या वर 'अप्रकाशित कागदपत्रे' असं वेगळं शीर्षक टाकलं आणि खाली सावकाश लिहिलं: 'लाँड्रीतील स्त्री कामगारांचा अर्ज, आरोग्य खाते संग्रह, पेटी ९, फोल्डर ११४, पत्र ४७, पुढची बाजू'.

पेन्सिल अडली. धाकटी वाकून बघत होती.

"सरक, उजेड अडवतेस," अक्का खेकसली, आणि पुढे लिहिलं, 'व मागची बाजू, अभिलेखागार.'

मग पर्स उचलून ती दाराकडे निघाली.

"कुठे चाललीस? छपाईला पाठवायचंय ना?"

"थांबेल छपाई. मी अजून मागची बाजू पाहिलेली नाही."